१५ वॉटचा वायरलेस कार चार्जर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

फोन ठेवला की दोन्ही बाजूंचे हात आपोआप मिटतात, तसला हा होल्डर आहे. पकड उत्तम आहे. खंबाटकी घाटातल्या वळणांवरही फोन हलला नाही, म्हणून होल्डर म्हणून मी याला पूर्ण मार्क देतो. चार्जिंगचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

सुरुवातीला त्याची केबल गाडीच्याच यूएसबी पोर्टला जोडली होती. पुण्याहून साताऱ्याला पोचेपर्यंत मॅप चालू होता आणि बॅटरी जिथे होती तिथेच राहिली. हिशोब सरळ आहे. माझ्या गाडीचा पोर्ट ५ व्होल्ट, १ अँपिअर देतो, म्हणजे ५ वॉट. वायरलेसमध्ये त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग उष्णता होऊन वाया जातो, फोनला साडेतीन वॉटच्या आसपास मिळतात. फुल ब्राइटनेस, जीपीएस आणि मोबाइल डेटा मिळून जवळपास तेवढेच खातात. मग बॅटरीत भरायला उरतं काय? १५ वॉट हवे असतील तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये ९ व्होल्ट, २ अँपिअर देणारा फास्ट चार्जिंग अॅडॉप्टर लागतो. बॉक्समध्ये तो नसतो आणि ही गोष्ट ठळक अक्षरांत छापायला हवी होती. शिवाय फोननेही तेवढे वॉट घेतले पाहिजेत. क्यूआय या वायरलेस चार्जिंगच्या मानकाच्या साध्या चार्जरवर आयफोन साडेसातच्या वर जात नाही.

अॅडॉप्टर घेतल्यावर वेग वाढला, पण फोन तापायला लागला. यात कॉइलची, म्हणजे वीज पोचवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची जागा फार महत्त्वाची. होल्डरमधली आणि फोनमधली कॉइल समोरासमोर नसली की चार्जिंगची खूण दिसत राहते, पण वीज कमी पोचते आणि उष्णता वाढते. माझ्या फोनची कॉइल मधोमध आहे आणि होल्डरचा टेकू फोनला बोटभर वर धरत होता. टेकू खाली सरकवल्यावर फरक हाताला जाणवला. जाड कव्हरनेही हेच होतं. मॅग्नेट होल्डरसाठी पाठीला चिकटवलेली लोखंडी पट्टी असेल तर ती काढाच. ती स्वतः तापते आणि बहुतेक वेळा चार्जिंगच बंद पडतं. नव्या क्यूआय२ मध्ये चुंबकांचं वर्तुळ फोनला आपोआप नेमक्या जागी बसवतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. मात्र फोनमध्ये किंवा कव्हरमध्ये तसं वर्तुळ हवं.

उरतं ऊन. एप्रिलमध्ये काचेवर चिकटवलेल्या होल्डरात बॅटरी चाळिशीच्या पुढे गेली की फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो, कधी थांबवतो. स्क्रीन आपोआप अंधुक झाली तर हेच समजा. एसीच्या जाळीवर लावल्यापासून थंड हवा थेट पाठीवर येते आणि भर दुपारीही चार्जिंग चालू राहतं. थंडीत हीटर लावलात तर ती जाळी बंद ठेवा.

शहरातल्या अर्ध्या तासाच्या फेऱ्यांना मी हेच वापरतो. कोल्हापूरला जाताना होल्डर तोच असतो, पण त्याची पिन काढून फोनला थेट केबल लावतो.