शेअर तारण कर्ज: मार्जिन कॉल लवकर येणारा बरा की उशिरा?

शेअर गहाण ठेवून कर्ज घ्यायचं ठरलं की बहुतेक जण दोन आकडे बघतात: व्याजदर आणि किती कर्ज मिळेल. दोन कर्जदात्यांमध्ये खरा फरक पाडणारा आकडा तिसराच असतो. आपला पोर्टफोलिओ किती खाली आला की फोन येईल, हा तो आकडा. व्याजदरातला अर्धा टक्का वर्षभरात थोडे पैसे वाचवेल, पण हा आकडा चुकला तर वर्षानुवर्षं सांभाळलेले शेअर पडत्या भावात विकले जातील. म्हणून इथे मी तुलना फक्त त्याचीच करणार आहे.

हिशोब सोपा आहे. कव्हर म्हणजे तारण ठेवलेल्या शेअरचं मूल्य भागिले थकीत कर्ज. कर्जदात्याने ठरवलेल्या किमान कव्हरच्या खाली हा भागाकार गेला की मार्जिन कॉल येतो, म्हणजे तूट भरून काढा असा निरोप. तेच उलटं मांडलं तर:

```
कॉलची पातळी = उचललेली रक्कम × किमान कव्हर
घसरणीला जागा = 1 − (कॉलची पातळी ÷ पोर्टफोलिओचं मूल्य)
```

यात मंजूर मर्यादेचा उल्लेखच नाही. फक्त उचललेली रक्कम आहे. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या खात्यात 10 लाखांची मर्यादा मंजूर असली आणि तुम्ही 5 लाखच वापरले, तर कॉलची पातळी 5 लाखांवरच ठरते. त्यामुळे कोणाकडून घ्यायचं याआधी किती उचलायचं हे ठरवलेलं चांगलं.

आता दोन कर्जदाते समोरासमोर ठेवू. पोर्टफोलिओ 20 लाखांचा. पहिला कर्जदाता दुप्पट कव्हर मागतो, कर्ज देतानाही आणि नंतर रोजही. कव्हर 2 च्या खाली गेलं की तूट भरायला सात दिवस देतो. दुसरा कर्ज देताना 1.75 कव्हर मागतो, कॉल 1.5 ला करतो आणि कव्हर 1.3 ला आलं की वाट न बघता शेअर विकायला काढतो.

| उचल | पहिल्याचा कॉल | दुसऱ्याचा कॉल | दुसऱ्याची विक्री |
|---|---|---|---|
| 5 लाख | 10 लाखांवर (50 टक्के जागा) | 7.5 लाखांवर (62.5 टक्के) | 6.5 लाखांवर |
| 8 लाख | 16 लाखांवर (20 टक्के) | 12 लाखांवर (40 टक्के) | 10.4 लाखांवर |
| 10 लाख | 20 लाखांवर (शून्य) | 15 लाखांवर (25 टक्के) | 13 लाखांवर |

शेवटची ओळ बघा. पहिल्याकडून पूर्ण 10 लाख उचलले तर घसरणीला जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार किंचित लाल झाला तरी कॉल येणार. देतानाचं कव्हर आणि कॉलचं कव्हर एकच असलं की असंच होतं. दुसऱ्याकडे मात्र या दोन आकड्यांत अंतर आहे, त्यामुळे पूर्ण मर्यादा वापरली, म्हणजे साधारण 11.4 लाख उचलले, तरी 14 टक्क्यांची घसरण पचते.

मधल्या ओळीवरून दुसरा कर्जदाता सरळ उजवा वाटतो. 8 लाखांच्या उचलीवर पहिल्यापेक्षा दुप्पट जागा मिळते. पण टेबलावरून निर्णय घ्यायच्या आधी कॉल आल्यानंतर काय करावं लागतं ते बघायला हवं, कारण तिथे चित्र बदलतं.

कॉल आला की तीन मार्ग असतात: रोख भरा, आणखी शेअर गहाण टाका, किंवा गहाण शेअर विकून कर्ज कमी करा. तिघांची रक्कम वेगवेगळी येते. मूल्याला 'म', थकीत कर्जाला 'क' आणि ज्या कव्हरवर परत जायचंय त्याला 'व' म्हणू:

```
रोख = क − म ÷ व
जादा शेअर = क × व − म
विक्री = (क × व − म) ÷ (व − 1)
```

8 लाख उचललेत आणि पोर्टफोलिओ 15 लाखांवर आलाय असं धरा. पहिल्याचा कॉल आलेला असेल, कारण कव्हर 1.875 झालंय. 2 वर परत जायला रोख 50 हजार लागतात, शेअर द्यायचे तर 1 लाखाचे, आणि विकायचे तर तेही 1 लाखाचे. पोर्टफोलिओच्या मानाने ही रक्कम फार मोठी नाही. दुसऱ्याकडून त्या दिवशी साधा मेसेजही येत नाही.

घसरण चालू राहिली आणि पोर्टफोलिओ 11.5 लाखांवर आला, तर दुसऱ्याचा कॉल येतो. तो 1.5 वरच परत जायला सांगत असेल तर रोख सुमारे 33 हजार पुरतात. विकून भागवायचं असेल तर मात्र 1 लाखाचे शेअर जातात, रोखीच्या तिप्पट. पहिल्याकडे हेच प्रमाण दुप्पट होतं. कव्हर जितकं कमी, तितकी विक्री महाग पडते, कारण विकलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर कर्जासोबत तारणही कमी होतं.

आता करारातली एक ओळ बदलू या. समजा कॉल 1.5 ला येतो पण परत 1.75 वर यायला सांगितलं जातं, म्हणजे कर्ज देतानाच्या पातळीवर. तेव्हा त्याच 11.5 लाखांवर रोख 1.43 लाख लागतात आणि विक्री केली तर 3.33 लाखांचे शेअर जातात. पोर्टफोलिओचा जवळजवळ तीस टक्के भाग एका फटक्यात, तोही बेचाळीस टक्के पडलेल्या भावात. काहीच केलं नाही आणि 10.4 लाखांवर कर्जदात्याने स्वतः विकायला काढलं, तर 1.75 वर येण्यासाठी 4.8 लाखांचे शेअर विकावे लागतात. आणि 12 लाखांवरून 10.4 लाख म्हणजे फक्त 13 टक्क्यांची आणखी घसरण. बाजार आधीच चाळीस टक्के पडलेला असताना हे अंतर काही दिवसांत कापलं जाऊ शकतं. विकायला कोणते शेअर घ्यायचे हेही सहसा कर्जदाताच ठरवतो, आणि तो लगेच खपणारे शेअर आधी काढतो. साधारण तेच तुमच्या पोर्टफोलिओतले सगळ्यात चांगले असतात.

म्हणजे पहिला लवकर आणि वारंवार फोन करतो, पण मागतो थोडं. दुसरा बराच काळ गप्प राहतो आणि मागतो तेव्हा मोठं मागतो. दरमहा उत्पन्न येतंय, त्यातून पन्नास हजार-लाख बाजूला काढता येतात, अशा माणसाला पहिला चालतो, किंबहुना मला त्याच्यासाठी तोच जास्त सुरक्षित वाटतो. कॉल त्याला वेळेवर जागं करतात. पोर्टफोलिओखेरीज हाताशी रोख नसेल तर दोन्हीकडे विक्रीच होणार. अशा माणसाने दुसऱ्याकडे जाऊन जास्त उचलण्यापेक्षा पहिल्याकडून 5 लाखच उचलावेत. पन्नास टक्के जागा मिळते, दुसऱ्याच्या 8 लाखांवरच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त.

दुसऱ्याकडून घेणारच असाल तर स्वतःची पातळी आधी लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात मी ती 14 लाखांवर ठेवली असती. तिथे कव्हर 1.75 वर येतं, म्हणजे कर्ज देतानाच्या पातळीवर, आणि हातात वेळ असतो. त्या दिवशी लाखभर भरले तर कर्ज 7 लाख होतं आणि कॉल 12 ऐवजी 10.5 लाखांवर जातो.

पहिल्याच्या कॉलमध्ये लोक एका गोष्टीत हमखास फसतात. मेसेजमध्ये 50 हजार लिहिलेले असतात, तितकेच भरले जातात. भरल्यावर कर्ज 7.5 लाख, मूल्य 15 लाख, कव्हर बरोबर 2. जागा शून्य. दुसऱ्या दिवशी बाजार एक टक्का पडला की पुन्हा कॉल. शिवाय सात दिवसांची मुदत मिळाली तरी तूट त्या दिवसांत गोठत नाही, भरायच्या दिवशीच्या भावाने ती मोजली जाते. पुढच्या दहा टक्क्यांची घसरण निभवायची असेल तर कर्ज 6.75 लाखांवर आणावं लागेल, म्हणजे 50 हजारांऐवजी 1.25 लाख. तेवढे नसतील तर निदान पुढचा कॉल येणार हे धरून चाला. दुसऱ्याची 1.75 ची अट इथे कामाला येते: भरायला जड, पण भरल्यावर 14 टक्के मोकळीक.

आतापर्यंत मूल्य म्हणजे बाजारभाव असं धरलं. प्रत्यक्षात कर्जदाता फक्त आपल्या यादीतले शेअर मोजतो आणि प्रत्येकावर हेअरकट लावू शकतो, म्हणजे त्याचं मूल्य बाजारभावापेक्षा काही टक्के कमी धरू शकतो. म्हणून कव्हर हेअरकट लावायच्या आधीच्या मूल्यावर आहे की नंतरच्या, हे विचारा. नंतरच्या मूल्यावर असेल तर 20 लाखांचा पोर्टफोलिओ हिशोबात कधीच 20 लाखांचा नसतो.

यादीतून एखादा शेअर काढला जातो तेव्हा बाजार न पडताही कॉल येतो. समजा 20 पैकी 3 लाख एका मिडकॅप शेअरमध्ये आहेत आणि तो यादीतून गेला. मोजलेलं मूल्य 17 लाख. 8 लाखांच्या उचलीवर पहिल्याकडची 20 टक्के जागा सहाच्या आसपास येते. दुसऱ्याकडे 29 टक्के उरतात. पोर्टफोलिओत असे एक-दोन मोठे, कमी उलाढालीचे शेअर असतील तर दुसऱ्याच्या बाजूने हा खरा मुद्दा आहे. किंवा ते शेअर हिशोबातून आधीच वजा करून उचल ठरवा.

व्याज दरमहा भरलं नाही आणि ते मुद्दलात जमा होत गेलं तर कॉलची पातळी स्वतःहून वर सरकते. 8 लाखांवर 10 टक्के धरलं तर वर्षाने थकीत 8.8 लाख. पहिल्याचा कॉल 16 वरून 17.6 लाखांवर, जागा 20 वरून 12 टक्क्यांवर. शेअर एक पैसाही पडलेला नसतो.

सही करायच्या आधी कर्जदात्याकडून चार आकडे लेखी घ्या: कॉलचं कव्हर, परत कुठे यायचं ते कव्हर, विक्रीचं कव्हर आणि प्रत्येक पातळीला मिळणारे दिवस. तोंडी 'साधारण पन्नास टक्के' असं उत्तर मिळालं, तर ते देतानाचं प्रमाण आहे की कॉलचं, हे तिथेच स्पष्ट करून घ्या. त्या दोन अर्थांत, वरच्या टेबलातल्या 10 लाखांच्या उचलीवर, शून्य आणि पंचवीस टक्क्यांचा फरक आहे.