Audio Delay वाढवून मागे पडलेला आवाज पुढे येत नाही: साउंडबारच्या सात महिन्यांच्या वापरानंतर

राजारामपुरीतील आमच्या घरी साउंडबार घेतला तो आईसाठी. तिला कमी ऐकू येते आणि बातम्या ती निवेदकाच्या ओठांकडे पाहून समजून घेते. त्यामुळे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू आला की तिचा सगळा धागा सुटतो.

पहिले दोन महिने मी साउंडबारचे Audio Delay वाढवत राहिलो आणि प्रत्येक वेळी आवाज आणखी मागे गेला. ही सेटिंग आवाजाला फक्त थांबवून ठेवते, हे मला उशिरा उमगले. आवाज चित्राच्या पुढे धावत असेल तरच तिचा उपयोग. आवाज मागे असेल तर ती शून्यावर ठेवून उशीर कुठे होतो ते शोधावे लागते. घरी आलेल्या तंत्रज्ञाने मात्र भेटीचे सहाशे रुपये घेऊन बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला, याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे मी टाळी वाजवतानाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावला, मोबाईलने पडद्याचे चित्रीकरण केले आणि एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली. तीस फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते. हात जुळल्यानंतर आवाज पाच फ्रेमनी, म्हणजे साधारण १६५ मिलिसेकंद उशिरा येत होता. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हाच व्हिडिओ बरोबर जुळत होता, म्हणून दोष साउंडबारकडे जाणाऱ्या वाटेवर होता हे नक्की झाले.

टीव्हीच्या Digital Audio Out मध्ये Auto ऐवजी PCM, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, निवडल्यावर फरक दोन फ्रेमवर आला, कारण आता साउंडबारला डॉल्बीचा संकेत उलगडत बसावे लागत नव्हते. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या एचडीएमआय एआरसी जोडणीवरून पीसीएम दोनच चॅनेलचे जाते. आमच्या साध्या बारला त्याने काही कमी पडले नाही, पण मागचे स्पीकर असलेल्यांनी हा तोटा लक्षात घ्यावा.

उरलेल्या दोन फ्रेमचे कारण मला अनपेक्षित होते. सुट्टीत आलेल्या भाच्याने Game Mode चालू ठेवला होता. त्यात टीव्ही चित्रावरील प्रक्रिया कमी करतो, म्हणून चित्र लवकर दिसते आणि आवाज मागे पडल्यासारखा वाटतो. तो बंद करताच आवाज उलट एक फ्रेम पुढे गेला, आणि तेव्हा कुठे Audio Delay ३० वर ठेवून मी ही सेटिंग पहिल्यांदा तिच्या योग्य कामाला लावली.

त्यामुळे ही सोय निरुपयोगी आहे हे माझे सुरुवातीचे मत मी मागे घेतो. तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल, ज्यात आवाज कोणत्या दिशेने सरकतो याची एक ओळसुद्धा नाही. एका वाहिनीवर आवाज अजूनही मागे राहतो, पण तो टीव्हीच्या स्पीकरवरही तसाच येत असल्याने दोष प्रसारणातला आहे, आणि त्या एका वाहिनीसाठी मी ३० हा आकडा हलवत नाही.