सहलीचा दरडोई खर्च: नोंदणीवर भागावा की खात्रीच्या संख्येवर?

सहलीसाठी ४८ नावे आली आहेत, पण पैसे भरून येतील असे ४०च दिसतात. मग बसभाडे, सोबतचे शिक्षक आणि प्रथमोपचार यांचा एकत्रित स्थिर खर्च कोणत्या संख्येने भागावा? समजा तो २४,००० आहे आणि प्रवेशशुल्क, जेवण, विमा मिळून प्रत्येकी ३०० लागतात.

४८ने भागल्यास वर्गणी ८०० होते व पालकांना ती सोसते. मात्र आठ जण गळाले, तरी बसचे भाडे घटत नाही आणि ४,०००ची तूट उरते. दहा टक्के राखीव, म्हणजे प्रत्येकी ८०, घेतली असली तरी ३,२००च जमतात. शिवाय रस्त्यात बस बिघडली, तर हातात काहीच नसते. ४०ने भागल्यास वर्गणी ९०० होते, राखीव रक्कम अडचणीसाठी शाबूत राहते आणि सगळे आले तर प्रत्येकी १०० परत करता येतात, अर्थात हिशेब लिहून ठेवला असेल तर. तूट भरण्यासाठी सोबतचा एक शिक्षक कमी करणे हा मार्ग मुळीच धरू नये.

पैसे आगाऊ व परत न करण्याच्या अटीवर जमा होत असतील, तर पहिली रीत चालेल. नुसत्या होकारावर नावे घेतली असतील, तर दुसरीच योग्य.