दोन्हीकडं तांबंच असलेला सेल: पाच महिने वापरल्यावर

जुलैपासून राजारामपुरीतल्या माझ्या बारावीच्या क्लासमध्ये हा कॉन्सन्ट्रेशन सेल वापरतोय. दोन काचेचे ग्लास, तांब्याच्या दोन पट्ट्या, लॅब ग्रेडचं मोरचूद आणि साधा मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. सॉल्ट ब्रिज म्हणजे वाकवलेल्या नळीत चायना ग्रास आणि पोटॅशियम नायट्रेट शिजवून भरलेलं. पाणी मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्डच घ्या, नळाचं घेतलं आणि पातळ द्रावण गढूळ झालं.

एका ग्लासात १ मोलर, म्हणजे २५ ग्रॅम मोरचूद विरघळवून एकूण १०० मिली केलेलं, आणि दुसऱ्यात तेच शंभरपट पातळ. नर्न्स्टच्या हिशोबानं तांब्याला दर दहापटीला २९.६ मिलिव्होल्ट, म्हणजे फळ्यावर ५९ लिहिलं आणि मीटरवर आले ३१. पोरं हसली, मागनं एकजण म्हणाला सर मीटर लक्ष्मीपुरीतला हाय का.

पहिला संशय पट्ट्यांवर. पावसाळ्यात आपल्याकडं तांबं दोन दिवसांत काळपट पडतंय, म्हणून दोन्ही पट्ट्या एकाच ग्लासात बुडवून बघितल्या, शून्य यायला पाहिजे तिथं ६ दाखवत होता! पॉलिश पेपरनं घासल्या, तारेनं एकमेकींना जोडून रात्रभर त्याच द्रावणात ठेवल्या, सकाळी ०.३. ही टेस्ट आता दर वेळी पहिली करतो. पण सेल परत जोडला तरी ३० च.

मग कळलं की घोळ पुस्तकातल्या सोप्या फॉर्म्युल्यात आहे. तो खरं तर ॲक्टिव्हिटी मागतो, आपण मोलॅरिटी घालतो. घट्ट मोरचुदात कॉपर आणि सल्फेट दोघांवरही दोन-दोन चार्ज, एकमेकांना असे धरून बसतात की १ मोलरमधलं कॉपर जेमतेम ०.०४ एवढंच काम करतंय, आणि ०.०१ मोलरमधलं ०.००४ च्या आसपास. म्हणजे शंभरपट कुठली, खरा फरक दहापटच, म्हणून ३०.

खात्री करायला दहापटीच्याच जोड्या लावल्या. ०.१ आणि ०.०१ ला १७ आले, ०.०१ आणि ०.००१ ला २२. जितकं पातळ तितकं २९.६ च्या जवळ सरकतंय. अजून पातळ केलं की आकडा डुलायला लागतो, तिथं आमच्या मीटरचा नाद सोडायचा.

तक्रार एकच, ब्रिज. उघडा राहिला की आठवड्यात आकसतो, नळीत हवेचा बुडबुडा बसतो आणि आकडा मनाला येईल तसा पळतो. आता नायट्रेटच्या पाण्यात बुडवूनच ठेवतो, नवा केला की दीड-दोन महिने जातो.

पातळ बाजूची पट्टी नेहमी निगेटिव्ह, तिथलं तांबं विरघळतंय. मीटरवर उणे दिसलं तर आधी वायरी बघा, मी एकदा वीस मिनिटं घालवली. आणि एलईडी लागतो काय म्हणून दर बॅचला कोणतरी विचारतंय, ३० मिलिव्होल्टवर काय लागतोय.