गॅलरीत कोणता डबा ठेवावा? हवेशीर खतडबा आणि बोकाशीची बादली, समोरासमोर (व्हिडिओची संहिता)

दृश्य १: ओट्यावर स्टीलची परात. त्यात बांगड्याची डोकी, कोळंबीची सालं, सोलकढीसाठी दूध काढून उरलेला खोबऱ्याचा चोथा, दुधीची सालं, चहाचा गाळ आणि कालच्या भाताचे चार घास. कॅमेरा परातीवरून गॅलरीकडे वळतो. बाहेर पावसाची झड.

निवेदन: ही रत्नागिरीतल्या फ्लॅटमधली बुधवारची परात आहे. घरात माणसं चार. आठवडाभर रोज वजन केलं तेव्हा ओला कचरा दिवसाला साधारण ८०० ग्रॅम भरला. गॅलरीत खत करायचं ठरवलंत की दुकानात दोन प्रकारचे डबे पुढे येतात. एक भोकांचा, हवा खेळती ठेवणारा. दुसरा तळाला तोटी असलेला आणि झाकण घट्ट बसणारा, म्हणजे बोकाशीचा. घाटावरच्या कोरड्या हवेत आणि शाकाहारी घरात पहिल्याने सहज भागतं. आपल्याकडे मात्र दोन गोष्टी निर्णय बदलतात: मासळी आणि जून ते सप्टेंबरचा दमटपणा. म्हणून दोन्ही डबे याच परातीवर तपासू.

दृश्य २: पडद्याचे दोन भाग. डावीकडे भोकांचा ५० लिटरचा डबा दोन विटांवर, खाली ताटली. उजवीकडे १५ लिटरची तोटीची बादली. यापुढे हीच मांडणी.

निवेदन: डाव्या डब्यात हवेवर जगणारे जिवाणू काम करतात. तळाशी चार बोटं नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला, म्हणजे पाणी साचणार नाही आणि खालून हवा येईल. त्यावर दोन मुठी जुनं खत, विरजणासारखं. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाकायचा आणि जेवढ्यास तेवढं कोरडं सामान वर पसरायचं. माप वजनाचं नाही, भांड्याचं. एक तपेली कचरा, तर एक तपेली चुरलेला पाला, काथ्याचा भुसा किंवा लाकडाचा भुसा. चार दिवसांनी काठीने तळापर्यंत ढवळायचं.

उजव्या बादलीत खत होतच नाही, तिथे कचरा लोणच्यासारखा मुरतो. बोकाशीचा कोंडा म्हणजे आंबवणारे जिवाणू आणि यीस्ट चढवून वाळवलेला धान्याचा कोंडा. कचऱ्याचा तीन बोटांचा थर, वर एक मूठ कोंडा, मग वाटीच्या बुडाने दाबून हवा काढायची आणि झाकण लावायचं. मासळी असेल त्या दिवशी कोंडा दुप्पट. दर दोन-तीन दिवसांनी तोटीतून पाणी काढायचं. बादली भरली की १४ दिवस हात लावायचा नाही.

दृश्य ३: कॅलेंडरवर बोट फिरतं. पहिला पंधरवडा निळा, दुसरा हिरवा.

निवेदन: रोज ८०० ग्रॅम दाबून भरल्यावर १५ लिटरची बादली साधारण पंधरा दिवस पुरते. म्हणजे बोकाशी घ्यायचं तर बादल्या दोन लागतात, एक मुरते तेव्हा दुसरी भरते. डावीकडेही डबे दोनच हवेत, पण तिथला कचरा खाली बसत जातो, त्यामुळे एक डबा महिनाभर चालतो आणि पुढे महिना-दीड महिना परिपक्व होतो.

आता खरा फरक. डाव्या डब्यातून शेवटी मातीच्या वासाचं, काळपट, भुरभुरीत खत निघतं आणि ते थेट कुंडीत जातं. उजव्या बादलीतून निघतो मुरलेला, आंबट, ओळखू येणारा कचरा. बांगड्याचं डोकं डोकंच दिसतं. त्याला पुढे दुप्पट मातीत मिसळून तीन-चार आठवडे ठेवावं लागतं. आंबटपणा एवढा असतो की लगेच रोप लावलं तर मुळं जळतात. आपली जांभ्याची लाल माती आधीच आम्लधर्मी, म्हणून इथे हा आराम चुकवू नका. फ्लॅटमध्ये ही माती कुठे ठेवायची, हा प्रश्न बादली विकत घेण्याआधी सोडवा. माझ्या ओळखीत ज्यांची बोकाशी बंद पडली, ती बहुतेक इथेच अडली. वासामुळे नव्हे, जागेमुळे.

दृश्य ४: दोन परातींतून मासळीचे अवशेष उचलले जातात. डावीकडे हात थांबतो. उजवीकडे टाकून कोंडा भुरभुरला जातो.

निवेदन: डाव्या डब्यात मासळी टाकू नका. रसायनशास्त्र साधं आहे. मासळीत नत्र फार, कर्ब कमी. जिवाणूंना लागणारं प्रमाण एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असं असतं. मासळीचं नत्र पचवायला पुरेसा भुसा मिळाला नाही की ते अमोनिया होऊन उडतं आणि माश्यांना लांबून वर्दी मिळते. उजवीकडे आम्लामुळे सडवणारे जिवाणूच टिकत नाहीत आणि झाकण बंद असतं, म्हणून तिथे मासळी चालते. तिसऱ्यांच्या शिंपल्या, करवंट्या आणि आंब्याच्या कोयी मात्र दोन्हीकडे नको, वर्षभर तशाच राहतात.

दृश्य ५: जुलै. भिंतीवर ओल. जमिनीवर जुनी चादर पसरलेली, त्यावर डाव्या डब्यातला सगळा माल ओतलेला. तळाचा भाग काळा, चिकट.

निवेदन: हे आमच्याच डब्याचं. मागच्या जुलैत तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यात थांबवून विचारलं, “अगं, वर घूस-बिस मेली नाही ना?” लाज वाटली आणि डबा त्याच संध्याकाळी उपडा केला. चुका तीन निघाल्या. पाला संपला होता आणि मी आठवडाभर नुसता कचरा टाकत होते. उरलेली पेज एकदा तशीच ओतली होती. आणि तळाची भोकं लगद्याने बुजली होती. वास कुजक्या अंड्यासारखा होता, म्हणजे हवा मेली होती.

(कॅमेरा हातांवर. गोळा मुठीत घेऊन पिळला जातो, पाण्याची धार लागते.)

ही मुठीची परीक्षा शिकून घ्या. पिळल्यावर एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडताच गोळा विस्कटला तर कमी. आमच्याकडे धार होती. साधारण बारा किलो मालात एक बादली कोरडा लाकडाचा भुसा आणि अर्धी बादली भाताचं तूस हाताने मिसळलं. तापवलेल्या सळईने भोकं मोकळी केली. तीन दिवस नवा कचरा टाकला नाही, रोज ढवळलं. दुसऱ्या दिवशी वास निम्मा झाला, चौथ्या दिवशी ओल्या मातीचा वास आला. भुसा साध्या लाकडाचाच घ्या, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो.

वास दुसऱ्या तऱ्हेचा, नाकात झोंबणारा असेल तर तो अमोनिया. तिथे पाणी जास्त नसतं, नत्र जास्त असतं. डाळी, अंडं किंवा चुकून पडलेली मासळी शोधा आणि पाला वाढवा. उजव्या बादलीत आंबट, ताकासारखा वास असणारच, तो दोष नाही. वर पांढरी बुरशी आली तरी बिघडलं नाही. काळी-हिरवी बुरशी आणि सडका वास मात्र झाकणातून हवा शिरल्याची खूण. थोडं असेल तर तो भाग काढून दुप्पट कोंडा घालून दाबा. पूर्ण बादलीच सडली असेल तर ती वाचत नाही, मातीत खोल पुरा.

दृश्य ६: झाकण उघडलं जातं. बारीक चिलटांचा भुरका. मग जवळून तपकिरी, चपट्या, कडक पाठीच्या अळ्या.

निवेदन: चिलटं दोन्हीकडे येतात, फळांच्या सालींवर त्यांची अंडी आधीच असतात. डावीकडे कचऱ्यावर नेहमी दोन बोटं कोरडा थर ठेवा, झाकणाखाली मलमलचं कापड बांधा. या तपकिरी अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. ओल्या कचऱ्यात पावसाळ्यात हमखास दिसतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. पण त्यांना पाहून घरातलं कोणी डबा बंद करायला लावणार असेल, तर ओल कमी करा, त्या कमी होतील. मऊ, पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या घरमाशीच्या. त्या दिसल्या तर झाकण सैल आहे आणि वरचा थर पातळ आहे. मुंग्या आल्या तर डबा कोरडा पडलाय, थोडं पाणी शिंपडा. उंदीर उजव्या बादलीकडे फिरकत नाहीत असं समजू नका, मासळीचा वास असेल तर ते प्लास्टिक कुरतडतात. आमच्याकडे दोन्ही डब्यांना बाहेरून पाव इंची जाळी आहे. ताटलीत साचलेलं पाणी दोन दिवसांनी ओता, नाहीतर डास.

दृश्य ७: पुन्हा दोन भाग. डावीकडे पोती रचलेली, उजवीकडे कोंड्याचं पाकीट.

निवेदन: कायमचा खर्च इथे आहे. उजवीकडे कोंडा विकत घ्यावा लागतो. डावीकडे कोरडं सामान फुकट मिळतं, पण मे संपण्याआधी साठवलं तरच. रोज दीड लिटर धरलं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना १८० लिटर लागतं, म्हणजे तांदळाची भरगच्च तीन पोती. आंब्याचा पाला जाड असतो, चुरून भरा. पेट्या करणाऱ्यांकडे भुसा आणि भातगिरणीत तूस मिळतं.

मासळी आठवड्यातून एकदाच असेल आणि मेमध्ये तीन पोती भरायची तयारी असेल, तर नुसता डावा डबा घ्या आणि मासळीचे अवशेष घंटागाडीला द्या. चार दिवस मासळी शिजत असेल आणि सोसायटीच्या अंगणात दोन हात माती मोकळी असेल, तर उजवा. ना पोती, ना माती, अशा घराने सध्या दोन्ही घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सोसायटीशी बोलून खाली एक मातीचा हौद करता आला तर मग बादली घ्या.

आमच्या घरी दोन्ही आहेत. बादलीत फक्त मासळी आणि शिजलेलं अन्न जातं. मुरून आंबट झालेला तो माल रोज एक वाटी, दोन वाट्या भुशात घोळून डाव्या डब्यात मधोमध पुरते. तिथे तो तीन-चार आठवड्यांत दिसेनासा होतो.

दृश्य ८: मे महिना. गच्चीवर चादरीवर पाला वाळतोय. तळमजल्यावरचे काका पोत्याचं तोंड धरून उभे आहेत, पाला आत दाबला जातोय.