गूळ, साखर आणि दोन समीकरणं: क्रेमरची पद्धत घ्यावी की व्यस्त मॅट्रिक्स?

अर्थशास्त्राच्या पेपरात दोन वस्तूंच्या बाजाराचं गणित आलं की मुलं दोन पद्धतींपुढे अडखळतात. निश्चयक वापरायचा की मॅट्रिक्स व्यस्त करायचं? उत्तर दोन्हींनी एकच येतं. तरी माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे आणि त्याचं कारण कोल्हापूरच्याच मालावर दाखवतो.

ग म्हणजे गुळाचा आणि स म्हणजे साखरेचा किलोचा भाव, रुपयांत. साखर महागली की काही गिऱ्हाईक गुळाकडे वळतं, गूळ महागला की साखरेकडे. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

गुळाची मागणी 150 − 4ग + 2स आणि पुरवठा −40 + 2ग. साखरेची मागणी 120 + 2ग − 3स आणि पुरवठा 50 + स. मागणी-पुरवठा बरोबर मांडून भाव एका बाजूला आणले की उरतं:

```
 6ग − 2स = 190
−2ग + 4स = 70
```

क्रेमरची पद्धत दहावीच्या बीजगणितातून ओळखीची असते. निश्चयक 6×4 − (−2)(−2) = 20. गुळासाठी पहिल्या स्तंभाच्या जागी 190 आणि 70 ठेवायचे: 190×4 − (−2)×70 = 900, भागिले 20, म्हणजे 45 रुपये. साखरेसाठी दुसरा स्तंभ बदलायचा: 6×70 − 190×(−2) = 800, म्हणजे 40 रुपये. समीकरणात भाव परत घालून ताळा घ्या: 270 − 80 = 190. जमलं. प्रश्न एवढाच असेल, किंवा फक्त गुळाचा भाव विचारला असेल, तर यापेक्षा जवळची वाट नाही.

आता व्यस्त मॅट्रिक्स. कर्णावरच्या संख्यांची अदलाबदल, उरलेल्या दोघींची चिन्हं उलटी, मग 20 ने भाग:

```
0.2  0.1
0.1  0.3
```

याला 190 आणि 70 ने गुणलं की 38 + 7 = 45 आणि 19 + 21 = 40. कष्ट जवळपास तेवढेच. पण क्रेमरने हाती दोन भाव आले, इथे हाती बाजाराचा स्वभाव आला. वरच्या ओळीतला 0.2 सांगतो की गुळाची मागणी एका एककाने वाढली तर गूळ 20 पैशांनी चढेल. त्याखालचा 0.1 सांगतो की त्याच वाढीने साखरही 10 पैशांनी चढेल.

समजा, संक्रांत आली. तिळगुळासाठी गुळाची मागणी प्रत्येक भावाला 20 एककांनी वाढली. क्रेमरमध्ये वरचे दोन्ही निश्चयक पुन्हा मांडावे लागतील. इथे तोंडी होतं: गूळ 4 रुपये वर, साखर 2 रुपये वर, म्हणजे 49 आणि 42. साखर 40 वरच राहिली असं धरलं असतं तर गूळ 48.33 ला थांबला असता. वरचे 67 पैसे साखरेच्या चढलेल्या भावाने गुळाकडे परत पाठवले. छेदक परिणाम म्हणतात तो हाच.

सगळ्यात जास्त चुकतं ते चिन्हात. मागणीतला +2स डावीकडे आणताना तो +2स च राहतो. दोन्ही समीकरणांत ही चूक केलीत तर निश्चयक पुन्हा 20 च येतो, त्यामुळे तिथे काहीच खटकत नाही. उत्तर मात्र गूळ 31 आणि साखर 2 रुपये! चुकीच्याच समीकरणात भाव घालून घेतलेला ताळाही जुळतो, म्हणून ताळा मूळ मागणी-पुरवठ्यात घ्या. व्यस्त मॅट्रिक्समध्ये ही चूक लगेच उघडी पडते. कर्णाबाहेर −0.1 दिसतो, म्हणजे गुळाची मागणी वाढली की साखर स्वस्त होईल असं तो म्हणतो. एकमेकींच्या पर्यायी वस्तूंत असं होत नाही.

निश्चयकाचाही एक मोठा उपयोग आहे. तो आधी काढा. दोन्ही छेदक सहगुणक 2 ऐवजी 4.8 असते तर निश्चयक 24 − 23.04 = 0.96 उरला असता. भागायला एवढी लहान संख्या आली की मागणीतला जरासा बदल भावांना प्रचंड हलवतो, आणि आकड्यांच्या अंदाजातली बारीक चूकही तशीच फुगते. शून्य आला तर एकच असा समतोल भाव नाही. ऋण आला, तर छेदक परिणाम स्वतःच्या भावाच्या परिणामावर मात करतोय, आणि अशा समतोलावर मी विश्वास ठेवत नाही.

व्यस्त मॅट्रिक्सची मर्यादाही इथेच लक्षात घ्या. गूळ विकणाऱ्यावर किलोमागे ठरावीक रुपयांचा कर बसला तर फक्त उजवीकडची संख्या बदलते आणि तेच मॅट्रिक्स चालतं. कर टक्केवारीत असेल तर पुरवठ्याचा उतारच बदलतो. मग 6 च्या जागी दुसरी संख्या येते आणि ते व्यस्त मॅट्रिक्स निकामी होतं, सगळं नव्याने. तेव्हा एकच भाव हवा असेल, तर मी क्रेमरकडेच परत जातो.

काकवी ही तिसरी वस्तू जोडलीत, तर हाताने कुठलीच पद्धत करू नका. एक्सेलमध्ये सहगुणक A1:C3 मध्ये, स्थिरांक E1:E3 मध्ये भरा आणि लिहा:

```
=MMULT(MINVERSE(A1:C3),E1:E3)
```