तेलकट झालेला लेदर सोफा: साबणपाणी, क्लीनर-कंडिशनर किट की सरळ माणूस बोलवायचा?

आमच्या हॉलमधला सोफा तीन सीटर, चॉकलेटी, ९ वर्षांचा, आणि खिडकीच्या उलट्या टोकाची जागा बाबांची. बाबा सकाळी डोक्याला खोबरेल चोपडून पेपर घेऊन तिथेच टेकणार, हे वर्षानुवर्षं. मागच्या दिवाळीत आवरताना बघितलं तर डोकं टेकतं तिथे ताटाएवढा काळपट डाग, हात ठेवायच्या जागेवर चिकट चकाकी आणि डागाच्या मधोमध बारीक बारीक भेगा. मी म्हटलं लेदर कोरडं पडलं, आणि लगेच कंडिशनरची बाटली मागवली. चूक तिथेच झाली.

कारण ते कोरडं नव्हतंच, तेलाने भिजलेलं होतं! सोफ्याच्या बहुतेक लेदरवर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक फिनिशचा पातळ थर असतो. केसातलं तेल, घाम, त्वचेचं तेल त्या थरावर साचत राहतं, हळूहळू थर मऊ पडतो, खालच्या चामड्यावरची पकड सुटते, आणि माणूस टेकला-उठला की तो मऊ थर दुमडून तडकतो. म्हणजे भेग आधी फिनिशला जाते, चामड्याला नंतर. त्यावर मी अजून क्रीम चोळलं तर दोन दिवसांत जागा आणखी चिकट, वर धूळ बसली ती वेगळीच.

ओळखायचं कसं, तर अंगठ्याचं नख डागावरून हलकं ओढा. नखात राखाडी मळ आला तर तेल आहे. उन्हाने किंवा कोरडेपणाने गेलेलं लेदर उलट फिकट आणि कडक लागतं, आणि सहसा खिडकीकडची बाजू आधी जाते.

काही घ्यायच्या आधी अजून एक गोष्ट बघा. मागच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. तसाच उभा राहिला तर फिनिश असलेलं लेदर, खालचं सगळं तुमच्यासाठी. थेंब आत शोषून डाग गडद झाला तर ते अनिलीन किंवा तत्सम उघडं लेदर, त्यात तेल खोल मुरलेलं असतं, घरी पाणी मारत बसू नका. आणि कुशनची चेन उघडून उलटी बाजू बघा, कापडाची वीण दिसली तर ते बहुतेक रेक्झिन आहे, त्याचे पापुद्रे निघायला लागले की कुठलंही कंडिशनर ते थांबवत नाही. बऱ्याच सोफ्यांना बसायची बाजू लेदरची आणि कडा-पाठ रेक्झिनची असते, त्यामुळे दोन्हीकडे बघा.

आता पर्याय.

साबणपाणी सगळ्यात स्वस्त. अर्धा लिटर कोमट पाण्यात लोकरीचे कपडे धुवायचं लिक्विड चार-पाच थेंब, त्याचा फेस करून तो फेसच स्पंजने लावायचा, पाणी ओतायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांचा वरवरचा तेलकटपणा याने नक्की निघतो. पण जुन्या डागाला हे पुरत नाही, मग आपण साबण वाढवतो, जोरात घासतो, आणि साबणाचा अंश शिवणीत राहून जातो. लेदर मुळात थोडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ४ ते ५, त्यामुळे कपड्याचा साबण, सोड्याचं पाणी असलं अल्कली काही त्याला मानवत नाही. घोड्याच्या खोगिराचा म्हणून जो सॅडल सोप मिळतो तोही बहुधा अल्कलीच असतो, खोगिराच्या जाड चामड्यासाठी ठीक, सोफ्यासाठी मी घेणार नाही.

किट म्हणजे पाण्यावर आधारित लेदर क्लीनर, मऊ ब्रश आणि क्रीम. मला शेवटी हेच लागू पडलं, पण श्रेय क्लीनरचं, क्रीमचं नाही. फिनिश शाबूत असेल तर क्रीम फार आत जातच नाही, त्याचा उपयोग वरचा थर थोडा लवचीक ठेवायला आणि घासण्यापासून वाचवायला. त्यामुळे बजेट कमी असेल तर चांगला क्लीनर घ्या, क्रीम साधं चालेल. क्रीमच्या ऐवजी खोबरेल, ऑलिव्ह ऑइल लावा असं काकू-मावशी मंडळी सांगतात, दोन दिवस चमक छान येते हे खरं, पण जे काढायला बसलोय तेच परत लावतोय ना, आणि स्वयंपाकाचं तेल पुढे खवट होतं ते वेगळंच.

मी केलं ते असं. आधी व्हॅक्यूम, शिवणीत मऊ ब्रशचा नोझल. मग क्लीनर ब्रशवर घेऊन फेस केला, वीतभर बाय वीतभर जागा, हलक्या हाताने गोल गोल साधारण मिनिटभर, आणि फेस राखाडी झाला की तो वाळायच्या आत ओल्या पिळलेल्या मायक्रोफायबरने उचलायचा. उचलायचं, पसरवायचं नाही! पहिल्या वेळी कपडा चहासारखा झाला. डोक्याच्या जागेला तीन वेळा करावं लागलं, दोन वेळांच्या मध्ये पूर्ण वाळू दिलं, पंख्याखाली, हेअर ड्रायर अजिबात नाही. कपड्यावर मळाऐवजी सोफ्याचा चॉकलेटी रंग यायला लागला की तिथेच थांबायचं, म्हणजे फिनिश गेलंय आणि आता तुम्ही रंग काढताय. माझ्याकडे तिसऱ्या वेळी एका कडेला किंचित रंग आला, मी हात काढून घेतला. रात्रभर ठेवलं, सकाळी चिकटपणा नाही हे बघूनच क्रीम, रुपयाच्या नाण्याएवढं, पूर्ण बॅकरेस्टला तेवढं पुरतं, वीस मिनिटांनी कोरड्या कपड्याने पुसून काढलं.

डाग नव्वद टक्के गेला असं मी म्हणेन, भेगा मात्र आहेत तशाच. साफ केल्याने भेग पुढे वाढायची थांबते, भरून येत नाही.

आणि तिसरा पर्याय, माणूस. थेंब शोषणारं लेदर, हाताला अजूनही चिकट लागणारा थर, किंवा खालचं फिकट चामडं दिसतंय अशी भेग, या तिन्हीत घरचं काम नाही. पण बोलवताना एकच विचारा, डीग्रीझ करून परत रंग आणि टॉपकोट मारणार का? मला एकाने फोनवर फक्त 'शॅम्पू आणि पॉलिश' म्हटलं, म्हणजे माझ्या किटचंच काम जास्त पैशात. तेल पूर्ण न काढता वर रंग मारला तर तो सोलून निघतो, म्हणून डीग्रीझचा प्रश्न आधी.

बेबी वाइप्स, सॅनिटायझर आणि तो पांढरा मॅजिक स्पंज यांच्या वाटेला जाऊ नका. सॅनिटायझरचं अल्कोहोल फिनिश विरघळवतं आणि मॅजिक स्पंज म्हणजे बारीक सँडपेपरच, पहिल्या वेळी जादू वाटते, तिसऱ्या वेळी जागा मॅट पडते. वाइप्सने एकदा काही होणार नाही, रोजची सवय वाईट.

आता आमच्याकडे डोक्याची आणि हाताची जागा आठवड्याला ओल्या कपड्याने, क्लीनर तीन महिन्यांनी, क्रीम वर्षातून दोनदा, त्यातलं एक पावसाळा संपल्यावर, कारण दमट दिवसांत क्रीम लावलं की आमच्या सोफ्याच्या खालच्या बाजूला बुरशी आली होती. बाकी बाबांना तेल लावू नका सांगून झालं, ऐकत नाहीत, म्हणून आईने जुन्या सुती धोतराचा चौकोन शिवून पाठीवर टाकलाय, दर रविवारी तो धुवायला जातो आणि बाबा त्याला सोफ्याची टोपी म्हणतात.